माईक हातात आल्यावरची पहिली दोन मिनिटं

लग्नाच्या स्वागत समारंभात सूत्रसंचालकासमोर बसलेली माणसं त्याला ऐकायला आलेली नसतात. कुणी तीन तासांचा प्रवास करून नुकतंच पोचलेलं असतं, कुणी बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मावसबहिणीशी बोलत असतं, कुणाचं लक्ष पाणीपुरीच्या स्टॉलकडे असतं, आणि लहान मुलं व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून उड्या मारत असतात. दिवाळी पहाटेला किंवा एखाद्या व्याख्यानमालेला आलेला श्रोता निदान कार्यक्रमासाठी म्हणून आलेला असतो. इथे तेही गृहीत धरता येत नाही. म्हणून लग्नातलं सुरुवातीचं स्वागत हा निवेदनाचा अवघड प्रकार आहे, आणि तो पाठ केलेल्या शेरोशायरीनं सुटत नाही. मांडवातल्या प्रत्येक गटाला पहिल्या दोन मिनिटांत ‘हा आपल्याशी बोलतोय’ असं वाटलं, तर पुढची संध्याकाळ सोपी जाते. एखादा गट त्यातून सुटला, तर तो गट रात्रभर पाठ फिरवून गप्पा मारतो आणि कितीही टाळ्या मागितल्या तरी देत नाही.

हे कसं साधायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. नवरदेवाचं घर साताऱ्याजवळच्या गावातलं आणि नवरी मुलुंडच्या कच्छी गुजराती कुटुंबातली, असं धरू. दोघं पुण्यात एका कंपनीत काम करतात, म्हणून स्वागत समारंभ पुण्याबाहेरच्या एका लॉन्सवर. साडेतीनशे-चारशे माणसं. गावाकडची मंडळी दोन बस करून आलेली, मुलुंडचे नातेवाईक दुपारीच येऊन उतरलेले, आणि ऑफिसातले सहकारी बंगळुरू, लखनौ, कोलकाता अशा कुठकुठल्या गावांचे. कार्यक्रम साडेसातला सुरू व्हायचा आहे. लॉन्स उघड्यावर असल्यानं रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागणार, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणजे हातात अडीच तास आहेत आणि त्यात दोन्हीकडच्या मुलांचे नाच, दोन आशीर्वादपर भाषणं, वरमाला आणि केक असं सगळं बसवायचं आहे. स्वागत दोनाऐवजी दहा मिनिटं चाललं, तर त्या आठ मिनिटांचा भुर्दंड महिनाभर तालीम केलेल्या चुलत बहिणींच्या नाचाला पडतो.

तयारी आदल्या आठवड्यात दोन फोनवर होते, प्रत्येक घरी एक. फोन शक्यतो अशा माणसाला करावा ज्याला घरातलं सगळं माहीत असतं आणि जो भावनेच्या भरात यजमानपद मिरवत नाही. बहुतेक घरांत अशी एखादी आत्या किंवा थोरला चुलतभाऊ असतो. ‘कुणाकुणाची नावं घ्यायची?’ हे सगळेच सूत्रसंचालक विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे ‘कशाचा उल्लेख करायचा नाही?’ नवरीचे आजोबा दोन महिन्यांपूर्वी गेलेले असतील. नवरदेवाचे आईवडील वेगळे राहत असतील आणि दोघंही पहिल्या रांगेत दोन टोकांना बसणार असतील. एखाद्या काकांशी बोलणं बंद असेल. यातलं काही तुम्हाला माहीत नसेल आणि तुम्ही उत्साहानं ‘आजी-आजोबांची जोडी कुठे आहे, हात वर करा’ म्हणालात, तर पुढची पाच मिनिटं कोणताही विनोद ती शांतता भरून काढू शकत नाही.

दुसरा विचारायचा प्रश्न अभिवादनाचा. गुजराती घर म्हणून ‘जय श्री कृष्ण’ म्हणावं, तर ते कुटुंब जैन असू शकतं आणि त्यांच्यात ‘जय जिनेंद्र’ म्हणतात. स्वामीनारायण संप्रदायातलं असेल तर ‘जय स्वामीनारायण’. आपल्याकडेही हेच आहे. वारकरी घर ‘रामकृष्ण हरी’ला उजळतं, कुठे ‘जय भीम’ हाच घरचा नमस्कार असतो, तर गावाकडच्या बहुतेक मंडळींना ‘राम राम’ पुरतं. घरात रोज जे म्हटलं जातं तेच व्यासपीठावरून आलं, की लोक आपोआप उत्तर देतात. दुसऱ्याच कुणाचं अभिवादन आलं तर ते सभ्यपणे हसतात आणि तुम्हाला आपल्याविषयी काही माहीत नाही, हे त्यांना कळून चुकतं. आपल्या उदाहरणात फोनवर कळलं, की मुलुंडचं घर वैष्णव आहे, तेव्हा ‘जय श्री कृष्ण’ चालेल. नावांचे उच्चारही याच फोनवर ऐकून देवनागरीत लिहून घ्यावेत. पत्रिकेवरची इंग्रजी अक्षरं वाचून उच्चार ठरवू नयेत.

तिसरी तयारी जागेवरची. कार्यक्रमाच्या तासभर आधी पोचा आणि मांडवात फिरा. साऊंडवाल्याला भेटून तुमचा कॉर्डलेस माईक कोणता ते ठरवा, त्यात नवे सेल घालून घ्या आणि एखादं खरं वाक्य बोलून आवाज तपासा. ‘हॅलो, टेस्टिंग’वर आवाजाचा अंदाज येत नाही, कारण कार्यक्रमात कुणी तसं बोलत नाही. माईक तोंडापासून तीन-चार बोटं दूर धरावा. जाळी मुठीत पकडली किंवा बोलता बोलता स्पीकरच्या पुढे गेलात, की तो शिट्टी मारतो. मग कुणाला तरी माईकवर बोलायला लावून स्वतः शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका. बहुतेक वेळा पुढे कानठळ्या बसत असतात आणि मागे शब्द कळत नसतात. मागच्या रांगेत बसणारी माणसं बऱ्याचदा गावाकडची ज्येष्ठ मंडळी असतात. ती पुढे यायला संकोचतात. त्यांना शब्द कळले नाहीत, तर तुमचं स्वागत अर्ध्या मांडवाचंच झालं.

याच फेरीत विनोदाचं साहित्य मिळतं. आपल्या लॉन्सवर काय दिसलं? डावीकडच्या खुर्च्यांवर सातारा, उजवीकडे मुलुंड, मध्ये व्यासपीठापर्यंत गेलेला लाल गालिचा. तो ओलांडून एकही माणूस पलीकडे गेलेला नाही. ऑफिसातली मुलं सगळ्यात मागे, चाटच्या स्टॉलजवळ घोळक्यात उभी. या एका निरीक्षणावर पूर्ण स्वागत उभं राहू शकतं, कारण ते त्याच मांडवातलं आहे, त्याच संध्याकाळचं आहे आणि प्रत्येकाला समोर दिसतं आहे. विनोद समजायला भाषा लागत नाही, मान वळवली की पुरतं. मिश्र समुदायात कोट्या पडतात त्या याच कारणानं. मराठी शब्दावरची कोटी मुलुंडच्या काकांपर्यंत पोचत नाही, लखनौच्या मुलाला तर ती ऐकूही येत नाही. आणि निम्मा मांडव हसत असताना उरलेल्या निम्म्याला वाटतं, की आपल्यावरच हसतायत.

आता प्रत्यक्ष बोलणं. व्यासपीठावर बोलताना, मध्ये थांबण्याच्या जागा धरून, मिनिटाला साधारण शंभर शब्द जातात. म्हणजे दोन मिनिटांना दोनशे शब्द. ते असे असू शकतात:

“राम राम मंडळी! ... वा! हा आवाज पार साताऱ्यापर्यंत गेला असणार. घरी जे राखणीला थांबलेत त्यांनी पण ऐकला. दोन बस भरून, एवढ्या लांबून आलात, मनापासून स्वागत. आणि मुलुंडवाळा परिवार, जय श्री कृष्ण! केम छो? ... मजामां! आवो, पधारो, आ तमारुं ज घर छे. और पीछे चाट के पास जो खड़े हैं, ऑफिस के दोस्त, हाथ दिखाइए! आज कोई मीटिंग नहीं है, कोई डेडलाइन नहीं है। बस दस बजे स्पीकर बंद होगा, तब तक जितना नाचना है, नाच लीजिए। आपका भी दिल से स्वागत।

“मी तासभर बघतोय. डावीकडे सातारा, उजवीकडे मुलुंड, आणि मध्ये हा लाल गालिचा. हा गालिचा नवरा-नवरीला चालायला अंथरलाय, हद्द आखायला नाही! तो एक काम करते हैं. इधरवाले उधर देखिए, उधरवाले इधर. हात हलवा. आणि आता एकमेकांना नमस्कार! ... बघा, झाली ओळख. आजपासून हे सगळे एकमेकांचे पाहुणे नाहीत, एकमेकांचे नातेवाईक आहेत.

“जेवण साडेआठला सुरू होईल. ज्येष्ठांसाठी बसून जेवायची सोय उजव्या मांडवात आहे. खाना साढ़े आठ बजे, और बुजुर्गों के लिए बैठकर खाने का इंतजाम दाहिनी तरफ है। आणि आता सगळ्यांनी मागे वळून फाटकाकडे बघा. ज्यांच्यासाठी आपण आलोय, ते येतायत!”

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. एक म्हणजे, तीन भाषांत तीन वेळा तेच सांगितलेलं नाही. मिश्र समुदाय दिसला की सूत्रसंचालक प्रत्येक वाक्य मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत म्हणत जातो. त्यानं वेळ तिप्पट लागतो आणि कोणत्याही क्षणी दोन तृतीयांश मांडव कंटाळलेला असतो. त्यापेक्षा प्रत्येक गटाला त्याच्या भाषेत त्याच्यापुरतं वेगळं काही द्यावं. मुलुंडला ‘आ तमारुं ज घर छे’ मिळालं, ऑफिसला डेडलाइन मिळाली. समजलं नाही त्यांनी हसू बघितलं आणि आपली पाळी येणार हे ओळखलं. दोन भाषांत सांगायच्या त्या फक्त कामाच्या सूचना: जेवण कधी, बसायचं कुठे, गाड्या कुठे लावायच्या. येत नसलेल्या भाषेतली लांब वाक्यं म्हणू नयेत. गुजरातीची तीन छोटी वाक्यं, तीही त्या घरातल्या कुणालातरी आधी म्हणून दाखवलेली, एवढं पुष्कळ झालं. तुमचा उच्चार कच्चा असला तरी ती प्रेमानं स्वीकारली जातात. मिनिटभर गुजराती बोलायचा आव आणला, तर मात्र पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागतात.

हिंदीही साधी ठेवावी. अमीन सयानींनी १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून गीतमाला सुरू केली, तेव्हा ऐकणारे देशभर पसरलेले होते. ‘बहनो और भाइयो’ ही त्यांची हाक कुठल्याही प्रांतातल्या माणसाला कळावी इतकी सोपी होती आणि बहिणी त्यात आधी होत्या. लग्नाच्या मांडवात अलंकारिक उर्दू किंवा संस्कृतप्रचुर हिंदी वापरली, की ऑफिसची मुलं सोडाच, लखनौचा मुलगासुद्धा मोबाइलमध्ये बघू लागतो. मराठीतही ‘या मंगलमय, मांगल्यपूर्ण, मंगल प्रसंगी’ अशी विशेषणांची रास नको. मराठी निवेदनाला सुधीर गाडगीळ, मंगला खाडिलकर यांच्यासारख्या माणसांनी घरगुती, बोलता सूर दिला, तो जवळ करावा. ऐकणाऱ्याशी आपण जसं बैठकीत बोलू, तसंच इथे बोलायचं, फक्त थोडं सावकाश.

दुसरं, टाळ्या आणि उत्तरं. ‘राम राम’ म्हटल्यावर उत्तर येईपर्यंत थांबावं. उघड्या मैदानात मागच्या रांगांपर्यंत आवाज जाऊन, लोकांना कळून, प्रतिसाद परत यायला दोन-तीन सेकंद लागतात आणि हातात माईक असताना ती खूप लांब वाटतात. घाईनं पुढचं वाक्य टाकलं, की येणारं उत्तर त्याखाली चिरडलं जातं. आणि उत्तर क्षीण आलं तर? ‘आवाज नाही आला! जेवला नाहीत का? परत एकदा, जोरात!’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक मांडवात ऐकू येतं, आणि त्यानं पाहुण्यांना शाळेतल्या वर्गात बसवल्यासारखं होतं. दमून आलेल्या माणसाला त्याचा उत्साह कमी पडतोय असं सांगणं, हे स्वागत नव्हे. उत्तर क्षीण आलं तर तेच प्रेमानं घ्यावं, ‘प्रवास लांबचा झालाय, पाणी घ्या, गार ताक फिरतंय’ म्हणावं आणि पुढे जावं. पुढच्या वेळी उत्तर मोठं येतं.

तिसरं, विनोद कुणावर आहे ते तपासावं. वरच्या स्वागतात हसू आलं ते गालिच्यावर, डेडलाइनवर, लांब गेलेल्या आवाजावर. एकाही माणसावर नाही. ‘आता नवऱ्याचं काही खरं नाही’, ‘शेवटचं हसून घे’, ‘सासूबाई सांभाळा’ या धर्तीचे विनोद इतके वापरले गेलेत की त्यांवर हसणारेसुद्धा सवयीनं हसतात, आणि त्या हसण्यात नवरी, जिची ही संध्याकाळ आहे, ती अडचणीनं बघत उभी राहते. वजन, रंग, उंची, पगार, वयातला फरक, जुळायला लागलेला वेळ हे विषय पूर्ण बंद. प्रांतावरचे ठरीव विनोदही टाळावेत. गुजराती म्हणजे पैसा, पुणेकर म्हणजे खोचकपणा, हे त्या घरांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. दोन्ही घरांच्या खाण्यावर एखादं वाक्य चालतं, पण ते दोन्हीकडे सारखं असावं: साताऱ्याच्या कंदी पेढ्याचं नाव घेतलंत तर पलीकडच्या फाफडा-जिलेबीचंही घ्या, आणि दोन्हीचं कौतुकच करा. एका बाजूवर विनोद झाला आणि दुसरीवर झाला नाही, तर मोजणारी माणसं प्रत्येक मांडवात असतात. मानपानाचा हिशोब आता माईकवरून चालतो.

आंतरजातीय, आंतरप्रांतीय किंवा आंतरधर्मीय लग्न असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. ‘दोन वेगळ्या संस्कृतींचं मिलन’, ‘सगळ्या भिंती ओलांडून’ अशी वाक्यं जिभेवर पटकन येतात. पण त्या दोन घरांनी कदाचित वर्षभर वाद घालून हा दिवस आणलेला असतो, आणि काही नातेवाईक अजून पूर्ण मनानं आलेले नसतात. भिंतीचा उच्चार केला की ती पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहते. गालिच्यावरचा हात हलवण्याचा क्षण हेच काम करतो, त्याची घोषणा न करता. माझ्या मते स्वागतातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. दोन्हीकडच्या आज्या एकमेकींना हात हलवतात, तेव्हा तुम्ही बोलणं थांबवा. वरून वाक्य टाकू नका.

मान्यवरांच्या नावांचं काय? गावाकडच्या लग्नात हा प्रश्न सर्वांत मोठा. सरपंच, चेअरमन, माजी सभापती, आमदारांचे प्रतिनिधी यांची चिठ्ठी माईकवाल्याच्या हातात येत राहते आणि मुहूर्त टळतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. सुरुवातीच्या स्वागतात एकही वैयक्तिक नाव घेऊ नका, हा नियम दोन्ही घरांकडून आधीच मान्य करून घ्या. नावं दोन नाचांच्या मधल्या मोकळ्या वेळात घ्या, साऊंडवाला गाणं लावेपर्यंत आणि पुढची मुलं व्यासपीठावर चढेपर्यंत तसाही मिनिटभर जातो. एकाच माणसानं दिलेली, एकाच कागदावरची यादी घ्यायची. ऐनवेळी खिशात कोंबलेली चिठ्ठी त्या माणसाकडे पाठवायची. असं केलं की कुणाचं नाव राहिलं तरी रुसवा तुमच्यावर येत नाही, आणि ज्याचं नाव घेतलं जातं त्याच्याकडे लोकांचं खरंच लक्ष असतं. स्वागतात सगळ्यांची नावं एकामागून एक घेतली, तर सातव्या नावापासून पुढे कुणीच ऐकत नाही, ते सातवे गृहस्थ सोडून.

तुम्ही कुणाच्या वतीनं बोलताय, हेही ठरवून ठेवा. समारंभ नवरदेवाकडचा असेल तरी ‘आमच्याकडे आलेल्या मुलीकडच्या पाहुण्यांचं’ असं म्हटलं की अर्धा मांडव परका होतो. ‘दोन्ही परिवारांच्या वतीनं’ हे शब्द सुरक्षित आहेत. ‘कन्यादान’, ‘परक्याचं धन’, ‘आज लेक दुसऱ्याची झाली’ असले उल्लेख टाळा. नवरीचे वडील तिथेच बसलेले असतात आणि त्यांना रडवून मिळवलेला क्षण हा तुमचा नसतो.

शेवटी, वाक्य संपलं आणि नवरा-नवरी फाटकातून आलेच नाहीत, असं होणार आहे. मेकअप राहतो, फोटोग्राफरला उजेड हवा असतो, घोडा बिथरतो. ‘ते येतायत’ हे वाक्य म्हणण्याआधी फाटकावर उभ्या असलेल्या इव्हेंटवाल्या मुलानं हात वर केला पाहिजे, ही खूण आधी ठरवा, आणि हात दिसल्याशिवाय ते वाक्य उच्चारू नका. दहा मिनिटं थांबावं लागलं तर हाताशी दोन-तीन छोटे तुकडे ठेवा: सगळ्यात लांबून कोण आलंय ते शोधणं, दोन्हीकडच्या सगळ्यात लहान पाहुण्याचं स्वागत, दोघांच्या ऑफिसातल्या मित्राला बोलावून ती दोघं पहिल्यांदा कुठे भेटली ते विचारणं, अर्थात हा किस्सा दोन्ही घरांना चालेल हे त्याच आधीच्या फोनवर विचारून घेऊन. आणि त्यानंतरही हात वर झाला नाही, तर साऊंडवाल्याला गाणं लावायला सांगून खाली उतरा, पाणी प्या, आणि फाटकाकडे जाऊन काय अडलंय ते स्वतः बघा.